चौथी तार वर चढते तेव्हा

गिटारच्या बारीक चार तारांवर डी कॉर्डची बोटं ठेवा: पहिल्या तारेवर दुसरा पडदा, दुसरीवर तिसरा, तिसरीवर दुसरा आणि चौथी मोकळी. हाच आकार युकुलेलेवर धरला, की कॉर्ड जी होते. कारण सोपं आहे. युकुलेलेच्या तारा या चार तारांपेक्षा पाच पडदे वर लावलेल्या असतात. मग गिटारला पाचव्या पडद्यावर कॅपो लावून तोच आकार धरला, तर दोन्हींकडे जीच मिळते. तरीही दोन्ही सारखी ऐकू येत नाहीत. लाकूड, खोक्याचा आकार आणि तारेचा प्रकार बाजूला ठेवला, तरी एक फरक उरतोच. तो फरक चौथ्या तारेत आहे.

सी हा षड्ज मानू. कॅपो लावलेल्या गिटारच्या मोकळ्या तारा चौथीपासून पहिलीपर्यंत मंद्र प, मध्य सा, ग आणि ध अशा बोलतात. युकुलेलेवरही प, सा, ग, ध हाच क्रम आहे, पण तिथला प मध्य सप्तकातला आहे. गिटारवर तो सुमारे १९६ हर्ट्झचा, तर युकुलेलेवर त्याच्या दुप्पट, ३९२ हर्ट्झचा. त्यामुळे अंगठ्याजवळची तार सर्वांत खर्जाची राहत नाही. तो मान तिच्या शेजारच्या सा या तारेला मिळतो. सूर ओळीने चढत न जाता आधी खाली उतरतात आणि मग वर जातात. या जुळणीला ‘रिएंट्रंट ट्यूनिंग’ म्हणतात.

आपल्या कानांना असा मोडता क्रम नवा नाही. मिरजेत घडणाऱ्या तानपुऱ्याच्या चार तारा नेहमीच्या जुळणीत मंद्र पंचम, मध्य षड्जाची जोड आणि शेवटी मंद्र षड्ज अशा लावतात. म्हणजे सूर आधी चढतो आणि शेवटच्या तारेवर एकदम खाली येतो. तानपुऱ्यावर मात्र बोटं दाबून कॉर्ड धरत नाहीत. युकुलेलेवर धरतात, म्हणून तिथे या क्रमाचा परिणाम कॉर्डच्या रचनेवर होतो.

सुरुवातीचा आकार पुन्हा पाहू. गिटारवर त्यातून मंद्र प, रे, प, नी हे सूर निघतात. जी कॉर्डचा मूळ सूर प, आणि तोच तळाशी असल्यामुळे कॉर्ड भक्कम बसलेली वाटते. युकुलेलेवर तळाचा प नाहीसा होतो. आता सर्वांत खालचा सूर रे, आणि प दोन तारांवर एकाच उंचीचा वाजतो. तळ हलका होतो, मधला सूर मात्र ठळक होतो.

यावरून युकुलेलेच्या कॉर्डला नेहमीच तळ नसतो असं वाटेल, पण तसं नाही. फक्त पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबा. दोन्ही वाद्यांवर सी कॉर्ड मिळते. गिटारवर तिच्या तळाशी मंद्र प येतो, तर युकुलेलेवर मूळ सूर सा. इथे युकुलेलेचीच कॉर्ड जास्त स्थिर ऐकू येते. शिवाय तिचे चारही सूर मध्य सा ते तार सा अशा एकाच सप्तकात दाटीनं बसतात. गिटारवर तेच सूर दीड सप्तकभर पसरतात.

जी कॉर्डमधले ते दोन समान प जुळणीची परीक्षाही घेतात. एक ३९२ आणि दुसरा ३९४ हर्ट्झवर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा वाढतो आणि कमी होतो. याला विस्पंद म्हणतात. तानपुऱ्याची जोड लावताना हाच डोल थांबेपर्यंत खुंटी पिळतात आणि मणी सरकवतात. मोकळ्या तारा अचूक लागल्या असूनही कॉर्डमध्ये डोल ऐकू आला, तर दुसरी तार पडद्यावर गरजेपेक्षा जोरात दाबली किंवा बाजूला ओढली जात असावी. बोट सैल करताच डोल मंदावला, तर दोष बोटाचाच.

गिटारसारखा तळ हवा असेल, तर चौथी तार मंद्र पवर लावता येते, पण आहे तीच तार सैल करून नव्हे. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून एक सप्तक खाली यायचं, तर ताण एक चतुर्थांश करावा लागतो. इतकी सैल तार पडद्यांवर फडफडते आणि सूर धरत नाही. ताण तेवढाच ठेवायचा, तर तारेचं दर लांबीमागचं वजन चौपट हवं. त्यासाठी धातू गुंडाळलेली किंवा जाड तार वापरतात. ती डोक्याजवळच्या पट्टीच्या खाचेत नीट बसली नाही, तर खाच रुंद करावी लागते.

तार बदलल्यावर जी कॉर्डला तळाचा प परत मिळतो आणि बोटांनी खर्जाची साथ वाजवणं सोपं होतं. पण सी कॉर्डच्या तळाचा सा मधल्या जागी जातो आणि तिची एका सप्तकातली दाटीही मोडते. म्हणून तार निवडण्याआधी, आपण वाजवतो त्या गाण्यांतल्या कॉर्ड दोन्ही जुळण्यांत ऐकून पाहाव्यात.