गुरुवारी पाच वाजता: भाषा-जोडीदाराला पाठवायचा प्रस्ताव

एकमेकांची भाषा एकमेकांना शिकवणाऱ्या दोघांची ओळख ॲपवर चटकन होते. दोन-चार दिवस ‘कसे आहात’, ‘काय करता’ चालते आणि मग बहुतेक ओळखी आपोआप थंडावतात. ‘कधीतरी बोलूया’ असे दोघेही म्हणतात, पण तो ‘कधीतरी’ येत नाही. ही ओळख खऱ्या बोलण्यात उतरते ती कोणीतरी एकाने पाठवलेल्या नेमक्या प्रस्तावामुळे.

या पद्धतीला टँडेम म्हणतात. १९६३ च्या फ्रान्स-जर्मनी करारानंतर दोन्ही देशांतल्या तरुणांच्या एकत्र शिबिरांमध्ये ती रुजली. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या हेल्मुट ब्रामर्ट्स यांनी ईमेलवरून वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी जोडून तिला शिस्त लावली. तिची दोन तत्त्वे तेव्हापासून सांगितली जातात. एक परस्परतेचे: दोघांनाही सारखेच मिळाले पाहिजे. दुसरे स्वायत्ततेचे: आपल्याला काय शिकायचे आहे हे ज्याचे त्याने ठरवायचे. चांगल्या प्रस्तावात ही दोन्ही तत्त्वे दिसतात, नाव न घेता.

उदाहरण म्हणून पुण्यातली एक विद्यार्थिनी घेऊ. ती जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा डिसेंबरमध्ये देणार आहे. तिचा जोडीदार श्टुटगार्टचा इंजिनिअर आहे. त्याची सासुरवाडी नाशिकची असून त्याला दिवाळीत सासूबाईंशी मराठीत बोलायचे आहे. सप्टेंबरच्या मध्यावर ती त्याला आधी सोप्या जर्मनमध्ये आणि खाली मराठीत असा संदेश पाठवते:

“नमस्कार. मागच्या आठवड्यातल्या गप्पांवरून वाटलं की आपलं जमेल. माझी परीक्षा डिसेंबरमध्ये आहे. मला वाचता येतं, पण बोलताना वाक्य अर्ध्यात अडतं. तुम्हाला दिवाळीत सासूबाईंशी बोलायचंय, असं तुम्ही म्हणाला होतात. मी सुचवते ते असं: दर गुरुवारी तुमच्याकडचे संध्याकाळचे पाच, एकूण एक तास. पंचवीस मिनिटं फक्त जर्मन, पंचवीस मिनिटं फक्त मराठी आणि उरलेली दहा चुका पाहायला व पुढचा विषय ठरवायला. आधी कोणती भाषा, ते दर आठवड्याला आलटूनपालटून. मी बोलत असताना मला थांबवू नका, चुका चॅटमध्ये लिहून ठेवा, फार तर तीन. तुमच्या चुकांचं मी काय करू, ते तुम्ही सांगा. सहा आठवडे करून पाहू आणि मग पुढचं ठरवू. गुरुवार जमत नसेल तर रविवारी तुमच्याकडचे सकाळचे दहाही मला चालतील.”

संदेश छोटा आहे आणि त्याला ‘हो, गुरुवार चालेल’ एवढ्या एका ओळीत उत्तर देता येते. याउलट ‘तुम्हाला कधी सोयीचं आहे, कशावर बोलायला आवडेल, किती वेळ देता येईल’ असे प्रश्न पाठवले, तर सगळी जुळवाजुळव समोरच्यावर पडते. तो सवडीने उत्तर देऊ म्हणतो आणि ते राहून जाते. म्हणून विचारण्यापेक्षा सुचवावे, आणि सोबत एकच पर्यायी वेळ द्यावी. पाच पर्याय दिले की पुन्हा तोच घोळ.

वेळेबाबत तिने एक शहाणपणा केला आहे: घड्याळ कोणाचे, हे लिहिले आहे. भारतात वर्षभर एकच वेळ असते, जर्मनीत मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. उन्हाळ्यात दोन देशांतले अंतर साडेतीन तासांचे असते, हिवाळ्यात साडेचार तासांचे. सप्टेंबरात श्टुटगार्टला पाच वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. नोव्हेंबरात त्याच पाचला पुण्यात साडेनऊ होतात. नुसते ‘साडेआठला’ असे ठरले असते, तर नोव्हेंबरात त्याला दुपारी चारला, ऑफिसच्या वेळेत, फोन घ्यावा लागला असता. तिला साडेनऊ चालतात, म्हणून तिने त्याचे घड्याळ धरले. असे आधी लिहिले नाही की ऑक्टोबरअखेरीस एकजण तासभर वाट पाहत बसतो.

तास दोन भाषांत कापून वाटणे कृत्रिम वाटते, पण त्याशिवाय परस्परता टिकत नाही. तिचे जर्मन त्याच्या मराठीपेक्षा बरेच पुढे आहे. सोडून दिले तर संभाषण जिकडे सोपे तिकडे, म्हणजे जर्मनकडे वाहत जाईल आणि तिचा फायदा होईल. दोघांनाही इंग्रजी येत असल्याने तिसरा धोकाही आहे: अडले की इंग्रजी, आणि पाच मिनिटांत सगळेच इंग्रजी. त्यावर उपाय असा की अडलेला एखादा शब्द इंग्रजीत चालेल, पण तो विचारायचे वाक्य त्या अर्ध्या भागाच्या भाषेतच हवे. ‘याला मराठीत काय म्हणतात?’ हे वाक्य त्याला पहिल्याच दिवशी पाठ हवे. आलटूनपालटून सुरुवात करण्यामागचे कारण साधे आहे. गप्पा लांबल्या की कात्री नेहमी दुसऱ्या भाषेला लागते, शिवाय तोवर दोघे दमलेलेही असतात.

आता विषय. ‘काहीही बोलूया’ हा सर्वात अवघड विषय. बी-वनच्या तोंडी परीक्षेत दोन परीक्षार्थी मिळून एखादी गोष्ट ठरवतात, मग प्रत्येकजण एका विषयावर छोटे सादरीकरण करतो आणि त्यावर प्रश्नोत्तरे होतात. म्हणून पहिल्या गुरुवारी तिच्या पंचवीस मिनिटांत दोघे मिळून दवाखान्यात असलेल्या मित्राला भेटायला जाण्याचा बेत आखतात: कोणत्या दिवशी, कसे जायचे, काय न्यायचे. एकदा बोलून झाले की तेच पुन्हा, कमी वेळात. चार मिनिटांचे बोलणे तीन मिनिटांत आणि मग दोन मिनिटांत करण्याचा हा प्रकार भाषाशिक्षक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे शिक्षकांमध्ये परिचित झाला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय बोलायचे हा प्रश्न उरत नाही, सगळे लक्ष कसे बोलायचे याकडे जाते आणि अडखळणे कमी होते. मूळ पद्धतीत दर वेळी ऐकणारा बदलतो. इथे एकच जोडीदार असल्याने दुसऱ्या फेरीत त्याने मधे मधे नवे प्रश्न टाकावेत, नाहीतर त्यालाही कंटाळा येतो.

त्याच्या पंचवीस मिनिटांत ती सासूबाई होते. त्याने फोन करायचा: आम्ही शुक्रवारी निघतोय, मुंबईहून ट्रेनने येतोय, काय आणू? इथे संबोधनाचा प्रश्न येतो. जर्मनमध्ये बरोबरीच्या जोडीदारांत सहसा ‘डू’ चालते, म्हणजे आपले ‘तू’. मराठीतही तसेच केले, तर तो सहा आठवडे ‘तू ये’, ‘तू सांग’ घोटत बसेल आणि नाशिकला सासूबाईंना ‘तू कशी आहेस’ म्हणून मोकळा होईल. म्हणून जर्मनमध्ये ‘डू’ असले तरी त्याच्या मराठीत ‘तुम्ही’ आणि ‘आई’ हेच ठेवणे बरे.

चुका कशा दाखवायच्या, हे ठरवणे सर्वात महत्त्वाचे आणि संदेशांमधून सर्वात जास्त वगळले जाणारे. ठरवले नसेल, तर जोडीदार एक तर दर वाक्याला थांबवतो किंवा सभ्यपणे काहीच बोलत नाही. तिसरा मार्ग म्हणजे चुकलेले वाक्य आपण बरोबर करून म्हणायचे आणि पुढे जायचे. तो सभ्य आहे, पण बरेचदा वाया जातो. कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांवर रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा हाच मार्ग घेताना दिसले, आणि नेमक्या याच मार्गाला मुलांकडून सर्वात कमी प्रतिसाद मिळत होता. मुलांना ती दुरुस्ती आहे हे जाणवतच नसे. तो म्हणतो ‘मी पोळी खाल्लो’, ती म्हणते ‘अच्छा, पोळी खाल्ली का!’ आणि तो खुशीत मान हलवतो. ‘मी आलो’, ‘मी गेलो’ हे त्याच्या डोक्यात पक्के असल्याने ‘खाल्लो’ त्याला बरोबरच वाटते. हेच वाक्य चॅटमध्ये लिहिले आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्याकडूनच सुधारून घेतले, की ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं’ असा कर्माप्रमाणे बदल त्याच्या ध्यानात येतो. तीन चुकांची मर्यादा यासाठीच; वीस चुकांची यादी कोणी परत वाचत नाही.

जोडीदार शिक्षक नसतो, ही मर्यादाही इथेच दिसते. ‘वेळ नाही म्हणून’ हे जर्मनमध्ये सांगताना ‘वाइल’ या शब्दानंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जावे, असा नियम आहे. तिने ते मधेच ठेवले, तर इंजिनिअर बहुधा काहीच लिहिणार नाही, कारण घरगुती बोलण्यात तोही तसेच बोलतो. परीक्षक मात्र गुण कापू शकतो. शिवाय श्टुटगार्टच्या बोलीची स्वतःची ढब आहे, ती परीक्षेची भाषा नव्हे. उलट बाजूलाही तसेच: त्याच्या पुस्तकात ‘मी काम केले’ आहे आणि ती ‘केलं’ म्हणते. अशा वेळी ‘आम्ही असं बोलतो’ एवढेच जोडीदाराने सांगावे. नियमासाठी पुस्तक किंवा वर्ग आहेच.

उत्तर आले तरी काम झाले असे नाही. ‘छान कल्पना, नक्की करू!’ हे उत्तर नकाराच्या जवळचे असते. त्यात गुरुवार नाही, पाच नाही. त्यावर एकदाच ‘मग या गुरुवारी पाचला फोन करू का?’ असे विचारावे. त्यालाही वेळेचे उत्तर आले नाही, तर दुसरा जोडीदार शोधावा. उत्तरात बदल सुचवला असेल, उदाहरणार्थ ‘तासाऐवजी पाऊण तास’, तर ते शुभलक्षण समजावे, कारण त्याने स्वतःचा आठवडा डोळ्यांसमोर आणला आहे. पाऊण तासात वीस-वीस मिनिटे आणि पाच मिनिटे चुकांसाठी असे बसते. याच टप्प्यावर दोन गोष्टी जोडून घ्याव्यात. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचे, आणि चुकलेला गुरुवार भरून काढायचा नाही. भरपाईचे हिशेब साचले की संकोच वाटू लागतो आणि संकोचापोटी माणूस फोन टाळतो.

सहा आठवड्यांची मुदत दोघांनाही मोकळीक देते. न जमल्यास कोणालाही कारण शोधावे लागत नाही. दोघांची संमती असेल तर पहिल्या आणि सहाव्या गुरुवारची पाच-पाच मिनिटे रेकॉर्ड करावीत. प्रगती झाली का, हे आठवणीवरून कळत नाही. रेकॉर्डिंगमधल्या लांब थांबण्यांवरून कळते. दिवाळी झाल्यावर त्याची गरज बदललेली असेल, तिची परीक्षा मात्र अजून समोर असेल. तेव्हा जुनेच वेळापत्रक पुढे ढकलण्यापेक्षा नवा संदेश लिहावा, आणि त्यात या वेळी त्याला काय हवे आहे ते आधी विचारावे.