स्कॅनवरचे उजवे-डावे कसे पडताळतात

सीटी किंवा एमआरआयचा आडवा छेद पडद्यावर उघडला की रुग्णाची उजवी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. रुग्ण उताणा झोपला आहे आणि डॉक्टर त्याच्या पायांशी उभे राहून डोक्याच्या दिशेने पाहत आहेत, असे धरून ही मांडणी ठरलेली आहे. नाक किंवा पोट वर, पाठ खाली. मेंदूवर संशोधन करणाऱ्या काही प्रयोगशाळांत याच्या उलट, डावी बाजू डावीकडेच दाखवण्याची पद्धत आहे. काही न्यूरोसर्जनही शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जुळावे म्हणून चित्र फिरवून घेतात. त्यामुळे चित्रातली जागा पाहून बाजू ठरवायची नसते, चित्राच्या कडेला छापलेले अक्षर पाहून ठरवायची असते. R म्हणजे रुग्णाची उजवी, L म्हणजे डावी, A पुढची, P मागची, H डोक्याकडची आणि F पायांकडची. काही यंत्रांवर शेवटच्या दोन अक्षरांऐवजी S आणि I दिसतात.

ही अक्षरे येतात कुठून, हे कळले की ती कधी चुकतात तेही कळते. जुन्या पद्धतीच्या एक्स-रेमध्ये टेक्निशियन शिशाचे R किंवा L कॅसेटवर ठेवतो आणि किरण पडताना ते अक्षर हाडांबरोबरच उमटते. सीटी यंत्राला असे काही दिसत नाही. रुग्ण डोक्याकडून आत गेला की पायांकडून, उताणा आहे की पालथा, हे टेक्निशियन पडद्यावर निवडतो आणि यंत्र त्यावर विश्वास ठेवते. निवडलेली स्थिती फाइलमध्ये चार अक्षरांच्या आतच नोंदली जाते: HFS म्हणजे डोके आधी व उताणा, HFP म्हणजे डोके आधी व पालथा, FFS म्हणजे पाय आधी व उताणा. चित्राच्या कडेची सगळी अक्षरे या निवडीवरून गणिताने काढलेली असतात. निवड चुकली तर यंत्र कोणतीही कुरकूर न करता चुकीची अक्षरे छापते.

छातीत किंवा पोटात ही चूक लपत नाही. यकृत उजवीकडे, जठर आणि प्लीहा डावीकडे, हृदयाचे टोक डावीकडे. यकृतावर L दिसला की रेडिओलॉजिस्ट थांबतोच. साधारण दहा हजारांत एकाचे अवयव जन्मतःच उलट बाजूंना असतात, पण अशा वेळी अक्षरांवर शंका आधी घ्यायची आणि शरीरावर नंतर. मेंदूचे मात्र तसे नाही. त्याचे दोन्ही अर्धगोल इतके सारखे दिसतात की केवळ छेद पाहून उजवे-डावे सांगता येत नाही. दोन अर्धांत बारीक फरक असतात, उदाहरणार्थ मागची आडवी शीर बहुतेकांत उजवीकडे मोठी असते. पण ‘बहुतेकांत’ या शब्दावर कवटीला भोक पाडता येत नाही. आणि नेमकी हीच अशी जागा आहे जिथे चूक सर्वांत महाग पडते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स इथल्या एकाच रुग्णालयात २००७ या एका वर्षात तीन वेळा मेंदूची शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूला सुरू झाली होती.

मेंदूच्या बाबतीत एक भूमितीय गोष्ट मात्र मदतीला येते. उजव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी डाव्या पायाची होत नाही. माणसाचेही तसेच. तो टेबलावर उलटसुलट कसाही झोपला तरी त्याचे शरीर फक्त फिरलेले असते, त्याचा आरसा झालेला नसतो. त्यामुळे स्थितीची नोंद चुकल्याने उजवे-डावे उलटले असेल, तर त्याच्या जोडीने आणखी एक दिशा उलटलेलीच असते. उताण्या माणसाला पालथा नोंदवला तर उजवे-डावे आणि पुढचे-मागचे, अशा दोन जोड्या चुकतात. डोके आधी असलेल्याला पाय आधी नोंदवला तर उजवे-डावे आणि वरचे-खालचे चुकतात. उजवे-डावे मेंदूत डोळ्यांना दिसत नाही. पण नाक पुढे असते आणि टाळू वर असते हे कोणालाही दिसते. म्हणून जी दिशा कळत नाही तिची खात्री, ज्या दोन कळतात त्यांच्यावरून करता येते. A नाकाशी आहे आणि H टाळूशी आहे, एवढे दोन्ही जुळले की स्थितीच्या चुकीने L आणि R बदललेले नाहीत.

यातली पहिली तपासणी सोपी आहे. पालथ्याची नोंद चुकून झाली तर चित्र डोक्यावर उभे राहिल्यासारखे येते आणि डोके टेकवायच्या आधाराची कमान चित्राच्या वरच्या भागात दिसते. अडचण पुढे होते. चित्र विचित्र दिसते म्हणून कोणीतरी ते १८० अंशांत फिरवते. नाक वर येते, सगळे नेहमीसारखे वाटते. पण व्ह्यूअरमधली अक्षरे चित्राबरोबर फिरतात, त्यामुळे आता नाकाशी P असतो आणि पडद्याच्या डाव्या कडेला L. सवयीने पाहणारा बाजू बरोबर सांगेल, अक्षर वाचणारा चूक. दोघांत मतभेद झाला तर नाकाजवळचा P वादाचा निकाल लावतो.

दुसरी चूक जास्त फसवी असते, कारण आडव्या छेदावर H आणि F ही अक्षरे नसतातच. समजा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ डाव्या हातापायात अशक्तपणा आला म्हणून सीटीला आले आहेत. आधीच्या रुग्णाच्या पायांचा स्कॅन झाला होता आणि यंत्रावर FFS तसेच राहिले. हे गृहस्थ नेहमीप्रमाणे डोके आधी आत गेले. आडव्या छेदांत नाक वर, त्याच्याजवळ A, पडद्याच्या डाव्या कडेला R, सगळे व्यवस्थित. L लिहिलेल्या बाजूला कवटीच्या आतल्या कडेने चंद्रकोरीच्या आकाराची करडी पट्टी आहे: मेंदूच्या आवरणाखाली साचलेले जुने रक्त, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. अक्षरांवर भरवसा ठेवला तर रिपोर्टमध्ये ‘डावीकडे’ जाईल.

पहिली खटकणारी गोष्ट रुग्णाच्या अंगावर आहे. मेंदूचा उजवा अर्धा शरीराची डावी बाजू चालवतो, त्यामुळे डाव्या अशक्तपणाला रक्त उजवीकडे असायला हवे. पण एवढ्यावरून अक्षरे चुकीची ठरवता येत नाहीत. दाबाने मेंदू दुसऱ्या बाजूला इतका ढकलला जातो की तिकडचा चेताजुडगा आवरणाच्या टणक कडेवर दाबला जातो आणि अशक्तपणा रक्ताच्याच बाजूला येतो, असेही घडते. कर्नोहन आणि वोल्टमन यांनी १९२९ मध्ये त्याचे वर्णन केले आहे. लक्षणे शंका उत्पन्न करतात, निकाल देत नाहीत.

निकालासाठी आधी स्काउट पाहायचे. स्कॅनच्या सुरुवातीला घेतलेल्या या एक्स-रेसारख्या चित्रात, किंवा संगणकाने उभा छेद बनवला तर त्यात, टाळूजवळ F आणि मानेजवळ H दिसेल. इथेच चूक उघडी पडते: वर-खाली उलटले आहे, नाक जागेवर आहे, म्हणजे उजवे-डावे उलटलेच असले पाहिजे. मग फाइलमधली FFS ही नोंद पाहायची आणि टेक्निशियनला विचारायचे की रुग्ण कसा आत गेला होता. शेवटची खूण रुग्णाच्या स्वतःच्या शरीरात शोधायची. या गृहस्थांचे उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. सीटीवर डोळ्याचे नैसर्गिक भिंग पांढरट, फुगीर दाण्यासारखे दिसते, तर बसवलेले कृत्रिम भिंग बारीक रेघेसारखे. ती रेघ L लिहिलेल्या डोळ्यात सापडली की प्रश्न उरत नाही: रक्त उजवीकडे आहे. मोतीबिंदू नसेल तर एका बाजूची काढलेली दाढ, जुने फ्रॅक्चर, कवटीवरची पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन चालतो. खूण एकाच बाजूला हवी आणि ती कुठल्या बाजूला आहे हे स्कॅनबाहेरून ठाऊक हवे, एवढीच अट. रुग्णाला किंवा नातेवाइकांना ‘ऑपरेशन कुठल्या डोळ्याचे झाले?’ असे विचारायला अर्धे मिनिट लागते.

हा सगळा युक्तिवाद फक्त टेबलावरच्या चुकीला लागू पडतो. चित्राचा आरसा झाला तर तो कोसळतो, कारण तेव्हा एकच दिशा उलटते आणि नाक, टाळू दोन्ही जागेवर राहतात. आरसा होतो तो स्कॅन यंत्राबाहेर पडल्यावर. फिल्म खिडकीच्या उजेडात उलटी धरली जाते. मोबाइलने काढलेला फोटो कुठल्याशा ॲपमध्ये उलटतो आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांकडे जातो. फिल्मवर किंवा फोटोत अक्षरे चित्रातच छापलेली असल्याने ती उलटी दिसतात. फक्त A आणि H आरशातही तशीच राहतात, तेव्हा नजर R, L, P, F किंवा रुग्णाच्या नावावर टाकावी. धोका मोठा आहे तो अक्षरांशिवाय जतन केलेल्या जेपीजी चित्रात. त्यात पकडायला काहीच नसते. अशा चित्रावरून बाजू सांगू नये; मूळ डायकॉम फाइल मागवावी.

मूळ फाइलमध्ये दिशा आकड्यांत लिहिलेली असते. ‘इमेज ओरिएंटेशन’ या नोंदीत सहा आकडे असतात. सरळ घेतलेल्या आडव्या छेदासाठी ते असे दिसतात:

```
1\0\0\0\1\0
```

पहिले तीन आकडे सांगतात की पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना शरीरात कुठे जातो; इथे रुग्णाच्या डावीकडे. पुढचे तीन वरून खाली जाण्याचे, इथे पाठीकडे. पहिला आकडा -1 असेल तर पडद्याच्या उजव्या कडेला रुग्णाची उजवी बाजू आहे, आणि चांगला व्ह्यूअर तिथे R दाखवतो. संशोधनात हे स्कॅन दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलींत बदलले जातात आणि तिथे दिशेचा हिशेब उलट धरला जाण्याची शक्यता असते. म्हणून एमआरआय घेताना काही प्रयोगशाळा रुग्णाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. तिच्यातले तेल चित्रात पांढरेशुभ्र उठते आणि फाइल कितीही हातांतून गेली तरी ठिपका उजवीकडेच राहतो.

एवढे करूनही बाजू रिपोर्ट लिहिताना हरवू शकते. सांगितलेले टाइप होताना ‘राइट’चे ‘लेफ्ट’ होते, किंवा जुन्या रिपोर्टचा साचा वापरताना त्यातला एक शब्द बदलायचा राहतो. म्हणून Rt आणि Lt अशी संक्षिप्त रूपे टाळून पूर्ण शब्द लिहितात, आणि सही करण्याआधी तीन जागा एकमेकींशी ताडून पाहतात: तपासणीला पाठवताना लिहिलेली तक्रार, वर्णनाचा परिच्छेद आणि शेवटचा निष्कर्ष. रिपोर्ट गेल्यावर चूक सापडली तर शब्द गुपचूप बदलायचा नसतो. दुरुस्तीची पुरवणी जोडायची आणि रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा, कारण पहिली प्रत तोवर ऑपरेशन थिएटरच्या फाइलमध्ये लागलेली असू शकते. स्थितीची नोंदच चुकली असेल तर मूळ फाइलमधली नोंद दुरुस्त करून घेतात. आणि शरीरावर खूण नाही, जुना स्कॅन नाही, टेक्निशियनला आठवत नाही, अशी वेळ आली तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घेऊन, उजव्या कानामागे एक धातूची खूण चिकटवून, मोजके छेद परत काढतात.