गळती सापडलेली नाही, पाळी मात्र संपली

"मेमरी लीक अजून सापडलेला नाही." रात्रपाळीच्या इंजिनिअरची चिठ्ठी एवढ्यावरच संपली, तर सकाळी येणाऱ्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

समजा, जावात लिहिलेल्या एका सेवेच्या हीपची मर्यादा 4 जीबी आहे. मेमरीचा वापर दिवसभर वरखाली होतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाहायचं ते गार्बेज कलेक्शनची पूर्ण साफसफाई झाल्यावर किती मेमरी अडकून राहते ते. ही पातळी आत्ता 3 जीबी असेल आणि तासाला 100 एमबीने चढत असेल, तर साधारण दहा तासांत सेवा कोसळेल. चिठ्ठीत ही वेळ सर्वांत वर हवी.

रीस्टार्टने वेळ मिळतो, पण पुरावा पुसला जातो. म्हणून आधी हीप डंप घ्यावा. डंप घेताना सेवा थबकते, तेव्हा त्या सर्व्हरची वर्दळ थोडा वेळ दुसरीकडे वळवावी.

```
jmap -dump:live,format=b,file=/tmp/heap.hprof <pid>
```

वर्दळ परत सुरू करून काही तासांनी दुसरा डंप घेतला आणि दोन्ही ताडून पाहिले, की कोणत्या वस्तू साचत गेल्या ते दिसतं.

माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ असते ती खोट्या ठरलेल्या संशयाची: "कॅशे बंद करून पाहिला, चढ तसाच राहिला."