सूचना एक तृतीयांश कमी करताना

गेल्या वर्षी सहलीची सूचना फार लांब झाली म्हणून मी शेवटचे वाक्यच उडवले. त्यात संमतिपत्राची अट होती. परिणाम असा, की एक आई अर्धा दिवस रजा टाकून पैसे घेऊन आल्या आणि सही केलेले संमतिपत्र नाही म्हणून परत गेल्या. चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी अधोरेखन करते, काटछाट नंतर.

ही बघा मूळ सूचना, ४५ शब्दांची:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, ८ डिसेंबर रोजी झालेल्या पालक सभेत सविस्तर चर्चा होऊन सातवीची सहल १० जानेवारीला रायगडावर नेण्याचा निर्णय घेण्यात आला. सहलीचे ४५० रुपये शुल्क २४ डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे जमा करण्यात यावे. संमतिपत्रावर पालकांची सही असल्याशिवाय पैसे स्वीकारले जाणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी."

पेन्सिल घेऊन यातल्या नऊ गोष्टींखाली रेघ मारायची: सभा कधी झाली, निर्णय कोणी घेतला, कोणता वर्ग, कधी जाणार, कुठे, किती पैसे, कधीपर्यंत, कोणाकडे आणि अट काय. रेघ मारलेल्याला हात लावायचा नाही. उरलेले शब्द बघितले तर बहुतेक सगळे क्रियापदाभोवती गोळा झालेले दिसतात. मराठी सरकारी पत्रांची सवय आपल्याला लागलेली आहे ना! 'निर्णय घेण्यात आला'मधले तीन शब्द 'ठरल्याप्रमाणे' या एकात मावतात.

"सर्व पालकांस, ८ डिसेंबरच्या पालक सभेत ठरल्याप्रमाणे सातवीची सहल १० जानेवारीला रायगडावर जाईल. सहलीचे ४५० रुपये शुल्क २४ डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे जमा करावे. संमतिपत्रावर पालकांची सही असल्याशिवाय पैसे स्वीकारले जाणार नाहीत."

मोजले तर ३० शब्द. बरोबर एक तृतीयांश गेले आणि नऊही गोष्टी जागेवर आहेत.

धोका छोट्या शब्दांत असतो. '२४ डिसेंबरपर्यंत'चे '२४ डिसेंबरला' केले की मुदतीचा एकच दिवस होतो आणि त्या दिवशी वर्गाबाहेर रांग लागते. 'असल्याशिवाय', 'फक्त', 'तरच' हे शब्द भरतीचे वाटतात, पण अट त्यांच्यातच असते. 'ठरले' आणि 'सुचवले' यांचीही अदलाबदल करू नका. सभेत नुसती सूचना आली असेल, तर छोट्या मजकुरात तिचा निर्णय होऊन बसतो.

स्वतः पुन्हा वाचून ही चूक सापडत नाही, कारण मूळ मजकूर आपल्या डोक्यात असतो. म्हणून मी छोटी सूचना शेजारच्या वर्गाच्या बाईंना देते आणि तेच नऊ प्रश्न विचारते. एखाद्या उत्तराला त्या अडखळल्या, तर तो शब्द परत घालते, मग ३० चे ३३ झाले तरी चालतात.