डोपामिन आटल्यावर

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. या मुळीतलं रेसरपिन मग जगभर वापरलं जाऊ लागलं. पण काही रुग्ण त्यावर मंद, ताठर व्हायचे, अगदी पार्किन्सनच्या रुग्णांसारखे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ससे रेसरपिन देऊन निपचित पाडले आणि मग लेव्होडोपा टोचलं. ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. रेसरपिनने नेमका त्याचाच साठा रिता केला होता. १९६० मध्ये व्हिएन्नात, पार्किन्सनने मरण पावलेल्यांच्या मेंदूतही डोपामिन फार कमी आढळलं.

ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्याजवळच्या एका काळसर पट्ट्यात असतात. पार्किन्सनमध्ये त्या वर्षानुवर्षं मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. तोवर उरलेल्या कसंबसं निभावून नेतात.

हालचालींवर मेंदूचा एक ब्रेक सतत लागलेला असतो. हात उचलायचा, की तेवढ्यापुरता तो सैल होतो. हे सैल होणं सोपं करतं डोपामिन. ते आटलं की ब्रेक घट्टच राहतो. चाल मंदावते, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलेनासा होतो. स्नायू ताणला की मेंदूमार्फत येणारी उलट प्रतिक्रियाही अवाजवी वाढते, म्हणून डॉक्टरांनी रुग्णाचं मनगट हळूहळू फिरवलं तरी ते ताठ लागतं, अनेकदा अडखळत, टप्प्याटप्प्याने वळतं. कित्येकांचा आजार सुरुवातीला ‘खांदा आखडलाय’ म्हणून शेकण्यात आणि मालिशीत जातो.

कंपाचं कोडं मात्र इतकं सरळ नाही. डोपामिन किती घटलं यावरून मंदपणाचा बराचसा अंदाज येतो, कंपाचा येत नाही. काहींना कंप होतच नाही, तर काहींचा लेव्होडोपालाही दाद देत नाही. आज बऱ्याच संशोधकांचं मत असं, की डोपामिनच्या अभावी बिघडलेला भाग ठिणगी टाकतो आणि लहान मेंदूकडून येणारं दुसरंच मंडळ ती लय चालू ठेवतं. सेकंदाला चार ते सहा वेळा, मांडीवर निवांत ठेवलेला हात गोळी वळल्यासारखा हलतो. तोच हात पेल्याकडे नेला की कंप सहसा ओसरतो. नेमका पेला धरतानाच हात थरथरत असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं.

आणि रेसरपिनची गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरची सिनारिझिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब अशी लक्षणं आणू शकतात. गोळी थांबवल्यावर ती बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. तेव्हा हात थरथरतोय म्हणून डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. मनाने मात्र एकही बंद करू नका.