अंगठ्याची आग आणि दोन औषधं

जीवरसायनशास्त्राच्या परीक्षेत एक रुग्ण हमखास भेटतो. पन्नाशीचा माणूस मध्यरात्री पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने उठतो. सांधा लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातलं युरिक ॲसिड 9.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पर्यायांत ॲलोप्युरिनॉल आणि कोल्चिसिन दोन्ही असतात, आणि ‘गाऊट म्हणजे ॲलोप्युरिनॉल’ असं पाठ केलेला विद्यार्थी इथेच फसतो.

पेशीतल्या डीएनए-आरएनएचे ॲडेनिन आणि ग्वानिन हे घटक म्हणजे प्युरीन. ते मोडताना ॲडेनोसिनपासून इनोसिन आणि त्यापासून हायपोझँथिन बनतं. मग झँथिन ऑक्सिडेझ हे एकच एन्झाइम दोनदा काम करतं: हायपोझँथिनचं झँथिन, आणि झँथिनचं युरिक ॲसिड. ग्वानिनची वाटही झँथिनपाशीच येऊन मिळते. बहुतेक सस्तन प्राणी युरिकेझ एन्झाइमच्या जोरावर युरिक ॲसिडचं सहज विरघळणारं ॲलँटॉइन करतात. माणसात ते एन्झाइमच उरलेलं नाही. त्यामुळे पातळी साधारण 6.8 च्या वर राहिली की सुईसारखे स्फटिक धरू लागतात, तेही अंगठ्यासारख्या थंड सांध्यात आधी.

ॲलोप्युरिनॉलची रचना हायपोझँथिनसारखीच. फक्त एक नायट्रोजन आणि एक कार्बन जागा बदलून बसलेले. झँथिन ऑक्सिडेझ त्याला आपलंच समजून घेतं आणि त्याचं ऑक्सिप्युरिनॉल बनवतं. ते एन्झाइमच्या मॉलिब्डेनमला घट्ट चिकटून काम बंद पाडतं. एन्झाइमने स्वतःच्याच हाताने स्वतःला अडकवावं, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कोल्चिसिन मात्र युरिक ॲसिडला हातही लावत नाही. (आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातलं विषही हेच.) ते ट्युब्युलिनला चिकटतं, पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. मग स्फटिकांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींची, न्यूट्रोफिल्सची, धाव मंदावते आणि दाह उतरतो.

म्हणून आधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचावं. ‘आत्ताचा झटका शमवायला काय?’ असेल तर कोल्चिसिन. मूत्रपिंड निकामी असेल तर मात्र तेही जपून. ‘कोणतं औषध झँथिन ऑक्सिडेझ रोखतं?’ किंवा ‘पुढचे झटके टाळायला युरिक ॲसिड कशाने कमी करावं?’ असेल तर ॲलोप्युरिनॉल. रुग्ण तोच, आकडाही तोच.

आणखी एक पेच परीक्षकांच्या आवडीचा. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर काही दिवसांतच सांधा पुन्हा पेटतो. औषध निकामी ठरलं असं वाटतं, पण पातळी झपाट्याने घसरल्याने जुने साठे विरघळू लागतात, त्यांतले स्फटिक सुटून सांध्यात येतात आणि पांढऱ्या पेशी पुन्हा धावतात. अशा वेळी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नसतं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात, ते याच झटक्यांसाठी.