‘कासुर्डी’चं ‘कासडा’ कसं होतं? लाइन हाइट कमी केली की रफार आणि उकार का कापले जातात?

दौंड तालुक्यातल्या ‘कासुर्डी’ गावाचं नाव एखाद्या पोस्टवर मोठ्या अक्षरात टाकून बघा. आता ओळीची उंची, म्हणजे लाइन हाइट, कमी करत जा. वरची वेलांटी आणि रफार गेले की उरतं ‘कासुडा’. खालचा उकारही गेला की ‘कासडा’. स्पेलिंग बरोबर आहे, तरी गावाचं नाव चुकलं!

असं का होतं? इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये लाइन हाइट बऱ्याचदा १ किंवा १.१ असते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या वर-खाली फारसं काही नसतं, त्यामुळे तिथे ते चालून जातं. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरं.

समजा, अक्षराचा आकार ४० पिक्सेल आहे आणि फॉन्टला वर-खाली मिळून ६० पिक्सेल जागा लागते. लाइन हाइट १ ठेवली, तर ओळीला ४० पिक्सेलच मिळतात. कमी पडलेले २० पिक्सेल ब्राउझर दोन्हीकडे सारखे वाटतो, म्हणून १० पिक्सेल वर आणि १० खाली चौकटीबाहेर जातात.

पण बाहेर गेलं म्हणजे लगेच कापलं जातं असं नाही. वेबपेजवर कात्री चालवते ती `overflow: hidden` ही सूचना. ती काढून बघा. रफार परत दिसला, तर दोष तिचाच. अक्षरं पूर्ण दिसतात, पण वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला टेकतो, तर ओळींमधलं अंतरच कमी आहे.

सरळ उपाय म्हणजे लाइन हाइट वाढवणं. आपल्या उदाहरणात ६० भागिले ४०, म्हणजे १.५. प्रत्येक फॉन्टची गरज वेगळी असते, त्यामुळे फॉन्ट बदलला की पुन्हा तपासा. एका ओळीचं शीर्षक असेल आणि मांडणी हलवायची नसेल, तर हे करा:

```css
.shirshak {
  line-height: 1;
  overflow: hidden;
  padding-block: 0.25em;
  margin-block: -0.25em;
}
```

४० पिक्सेलच्या अक्षराला ०.२५ म्हणजे नेमके १० पिक्सेल. चौकट आतून दोन्हीकडे तेवढी मोठी होते आणि उणे मार्जिनमुळे आजूबाजूचा मजकूर जागचा हलत नाही.

मात्र दोन ओळींनंतर मजकूर लपवणाऱ्या `line-clamp`वर ही युक्ती वापरू नका. वाढवलेल्या जागेतून लपवलेल्या तिसऱ्या ओळीच्या वेलांट्या डोकावतात. तिथे लाइन हाइटच वाढवावी लागते.

फोनवरच्या डिझाइन ॲपमध्ये कोड नसतो. तिथे ओळींमधलं अंतर वाढवा, आणि पोस्ट टाकण्याआधी ‘कासुर्डी’ एकाखाली एक दोनदा लिहून, इमेज सेव्ह करून बघा. स्क्रीनवर ठीक दिसणारा रफार सेव्ह केलेल्या इमेजमध्ये कापलेला असू शकतो.